परवा, पावणेदहा आणि ‘हात हलवत ये’: दुसऱ्या मातृभाषेच्या मित्रासाठी संदेश पुन्हा कसा लिहावा

मालवणजवळच्या एका घरातून कुंदापूरच्या मित्राला एक संदेश पाठवायचा आहे, असे समजू. मित्राची मातृभाषा कन्नड आहे. शाळेत हिंदी शिकल्यामुळे तो देवनागरी सहज वाचतो, आणि नोकरीनिमित्त काही वर्षे रत्नागिरीत काढल्यामुळे त्याला कामापुरते मराठी चांगले येते. आज गुरुवार, ७ मे आहे आणि तो शनिवारी, ९ मे रोजी सकाळी कोकण रेल्वेने कुडाळला उतरणार आहे. संदेश असा लिहिला गेला:

> अरे, परवा येतोयस ना नक्की? गाडी पावणेदहाला लागते, पण हल्ली तिचं काही खरं नसतं. उतरलास की मिसकॉल मार. ती लेट झाली तर डोक्याला शॉट लावून घेऊ नकोस, मी तिथेच पडीक असेन. नाहीच जमलं माझं तर सरळ लाल डबा पकड आणि चौक्याला तिठ्यावर उतर, खाली ये, मांगराच्या अलीकडे आपलं घर. रविवारी किल्ल्यावर टाकू फेरी, पण समुद्राचा मूड बघून. आईने सांगितलंय, हात हलवतच ये, काही आणायच्या भानगडीत पडू नकोस. आणि हो, त्या पैशांचं टेन्शन नको घेऊस, बघू नंतर.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला यात अडखळण्यासारखे काही नाही. मित्राला मात्र यावरून गाडीतून कुठे उतरायचे, कोणाची वाट पाहायची, कोणत्या रस्त्याने चालायचे आणि पैसे पाठवायचे की नाही, हे सगळे ठरवायचे आहे. हाच संदेश त्याला समजेल असा पुन्हा लिहिण्याची रीत खाली पायरीपायरीने दिली आहे. उदाहरणे कन्नडभाषक मित्राची आहेत, कारण समोरच्याची भाषा कोणती यावर काय काढायचे आणि काय ठेवायचे हे बरेचसे ठरते.

आधी स्वतःचे म्हणणे ठरवा

शब्द बदलायला लगेच बसू नये. पहिल्यांदा एका कागदावर, हा संदेश वाचून मित्राने नेमके काय करायचे आहे, ते साध्या वाक्यांत लिहून काढावे. वरच्या संदेशातून असे निघते: शनिवारी कुडाळला उतरायचे, उतरल्यावर फोन करायचा, यजमान स्टेशनवर आला नाही तर बसने चौके येथे यायचे, तिथून घरापर्यंत चालायचे, रविवारी कदाचित किल्ल्यावर जायचे, भेटवस्तू आणायची नाही, आणि पैशांचे काहीतरी करायचे किंवा करायचे नाही.

ही यादी करताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. काही ठिकाणी लिहिणाऱ्याने स्वतःच काही ठरवलेले नसते, आणि वाक्प्रचाराच्या आडोशाने ते खपून जाते. ‘बघू नंतर’ याचा अर्थ पैसे परत नकोत असा आहे, भेटल्यावर द्यावेत असा आहे, की विषय आत्ता काढायला संकोच वाटतो एवढाच आहे? ‘नाहीच जमलं माझं तर’ हे मित्राला केव्हा कळणार, गाडीत असताना की स्टेशनवर तासभर उभे राहिल्यावर? ‘समुद्राचा मूड’ कोण बघणार आणि केव्हा सांगणार? मराठी मित्र या जागा स्वतःच्या अनुभवाने भरून घेतो आणि न पटल्यास फोन करून विचारतो. दुसऱ्या भाषेत वाचणाऱ्याला ही जागा रिकामी आहे हेच कळत नाही. आपल्यालाच अर्थ लागला नाही असे त्याला वाटते आणि तो विचारायला संकोचतो.

म्हणून या पायरीवर निर्णय घ्यावेत. आपल्या उदाहरणात असे ठरवू: गेल्या महिन्यात पाठवलेल्या हापूसच्या पेटीचे पैसे मित्राने इथे आल्यावर द्यायचे. स्टेशनवर येणे जमणार नसेल, तर शनिवारी सकाळी आठपर्यंत त्याला तसे कळवायचे. किल्ल्याचे रविवारी सकाळी यजमानाने मालवणच्या धक्क्यावर चौकशी करून सांगायचे. एवढे ठरले की पुनर्लेखनाचे निम्मे काम झालेले असते, आणि माझ्या मते बहुतेक लोक नेमका हाच भाग वगळून थेट शब्द बदलायला लागतात.

खुणा करा: दिसणारे अडथळे आणि न दिसणारे

आता मूळ संदेश हातात पेन घेऊन वाचावा आणि प्रत्येक शब्दाचा फक्त शब्दकोशातला अर्थ घ्यावा. ‘डोक्याला शॉट’, ‘लाल डबा पकड’, ‘पडीक असेन’, ‘हात हलवतच ये’ यांवर खूण आपोआप होते, कारण शब्दशः अर्थ विचित्र निघतो. हे दिसणारे अडथळे आहेत. ते त्रासदायक असले तरी फारसे धोक्याचे नाहीत: डोक्याला बंदुकीची गोळी लागण्याबद्दल कोणी का लिहिले असेल, असा प्रश्न मित्राला पडतो आणि तो विचारतो तरी, किंवा ते वाक्य सोडून देतो.

खरा घात करतात ते साधे दिसणारे शब्द. ‘गाडी पावणेदहाला लागते’ यातला प्रत्येक शब्द मित्राला येतो असे गृहीत धरले, तरी ‘गाडी लागते’ हे त्याने रत्नागिरीत घाटातल्या प्रवासाच्या संदर्भात, मळमळण्याच्या अर्थाने ऐकलेले असण्याचीच शक्यता जास्त. इथे ‘लागणे’ म्हणजे फलाटावर येऊन उभी राहणे. असे शब्द वाचणाऱ्याला थांबवत नाहीत. तो काहीतरी अर्थ लावून पुढे जातो आणि चुकलेले कोणालाच कळत नाही. आपल्या संदेशात असे शब्द म्हणजे परवा, पावणेदहा, लागते, ती, खाली, अलीकडे, किल्ला. यांच्यावर वेगळ्या रंगाची खूण करावी आणि जास्त वेळ यांच्यावरच घालवावा.

याच वाचनात ‘येतोयस’, ‘सांगितलंय’ यांसारखी बोलण्यात आखडलेली रूपे दिसतील. ती कानाला ओळखीची असली तरी कोशात सापडत नाहीत. ‘येणार आहेस’, ‘सांगितले आहे’ अशी पूर्ण रूपे लिहावीत.

दिवस आणि वेळ

मराठीत ‘परवा’ हा एकच शब्द मागच्या आणि पुढच्या, दोन्ही बाजूंच्या दिवसासाठी वापरला जातो. कन्नडमध्ये यासाठी दोन निराळे शब्द आहेत: उद्यानंतरच्या दिवसाला ‘नाळिद्दु’ आणि कालच्या आधीच्या दिवसाला ‘मोन्ने’. क्रियापद भविष्यकाळी आहे म्हणून दिशा चुकणार नाही असे म्हणता येईल. पण संदेश मित्राने शुक्रवारी सकाळी वाचला तर? परवा मोजायचा तो पाठवल्याच्या दिवसापासून की वाचल्याच्या? उपाय सोपा आहे. उद्या, परवा, येत्या, पुढच्या हे शब्द काढून वार आणि तारीख दोन्ही लिहावेत. दोन्ही लिहिण्याचे कारण असे की एक चुकले तर दुसरे ते पकडते. ‘शनिवार, 9 मे’ मधले काही जुळत नसेल तर मित्र लगेच विचारील.

हिंदी मातृभाषेच्या मित्राच्या बाबतीत आणखी एक फट असते. हिंदीत ‘कल’ हा गेलेल्या आणि येणाऱ्या दोन्ही दिवसांसाठी चालतो, त्यामुळे मराठीतला ‘काल’ त्याला उद्याचाही वाटू शकतो. तारीख लिहिली की हाही प्रश्न उरत नाही.

‘पावणेदहा’ची अडचण अधिक सूक्ष्म आहे. मराठीत ९ वाजून ४५ मिनिटे ही वेळ दहाच्या नावाने, दहाला पाऊण तास कमी नव्हे तर पाव तास कमी अशा हिशेबाने सांगितली जाते. कन्नडमध्ये हीच वेळ नऊच्या नावाने सांगतात: ‘ओंबत्तू मुक्कालु’, म्हणजे नऊ आणि वर पाऊण. त्यामुळे आपल्या शब्दातला ‘दहा’ मित्राच्या डोळ्यांत भरतो आणि ‘पावणे’ हे दहाच्या पुढे काहीतरी असावे असे वाटून तो सव्वादहा धरू शकतो. दीड आणि अडीच यांचाही तसाच त्रास आहे. कन्नडमध्ये दीडला ‘ओंदूवरे’ आणि अडीचला ‘एरडूवरे’ म्हणतात, म्हणजे आकडा आणि अर्धा असा सरळ हिशेब. मराठीत साडेतीनपासून तो हिशेब लागू होतो, पण दीड आणि अडीच वेगळेच लक्षात ठेवावे लागतात. बसचे भाडे, चालायला लागणारा वेळ, आंब्याचे डझन, सगळीकडे हे शब्द येतात, म्हणून ते सगळीकडेच आकड्यांत लिहावेत.

आकडे कोणत्या लिपीत लिहावेत, यावरही थोडा विचार हवा. फोनच्या मराठी कळफलकावर देवनागरी आकडे येतात, आणि देवनागरी एक हा घाईत वाचणाऱ्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो. मित्राच्या तिकिटावर आणि फोनच्या घड्याळात जे आकडे आहेत तेच संदेशात असावेत. रेल्वेची वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने, तिकिटावर असते तशीच, 09:45 अशी लिहिली की तो दोन्ही शेजारी धरून ताडून पाहू शकतो.

‘ती’ कोण?

मूळ संदेशात ‘ती लेट झाली तर’ असे आहे. आपल्यासाठी ‘ती’ म्हणजे उघडच गाडी. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंगी किंवा पुल्लिंगी सर्वनाम लागत नाही. गाडी, घर, पाऊस सगळ्यांना नपुंसकलिंगीच. त्यामुळे ‘ती’ वाचल्यावर त्याच्या मनात प्रथम बाई येते. यजमानाची बहीण किंवा बायको त्याला न्यायला येणार आहे आणि तिला उशीर होऊ शकतो, असा अर्थ त्या वाक्यातून अगदी सुसंगत लागतो, आणि मग तो स्टेशनवर एका अनोळखी बाईची वाट पाहत उभा राहील. लिंग मराठी व्याकरणाचे आहे, ते आपल्याला काढता येत नाही. पण सर्वनाम काढता येते. ज्याच्याबद्दल बोलायचे त्याचे नाव प्रत्येक वाक्यात पुन्हा लिहावे. शाळेत आपल्याला नामाची पुनरुक्ती टाळायला शिकवलेले असते. या कामात ती शिकवण बाजूला ठेवावी.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचेही असेच आहे. मराठीत ‘आपण जाऊ’ म्हटले की ऐकणारा त्यात आला आणि ‘आम्ही जाऊ’ म्हटले की तो वगळला गेला. कन्नडमधला ‘नावु’ दोन्ही अर्थ सांभाळतो, म्हणून हा भेद मित्राच्या लक्षात येईलच असे नाही. ‘तू आणि मी’ असे लिहिणे सर्वांत बरे.

ठिकाण आणि वाट

कोकणात रस्ता सांगताना ‘वर’ आणि ‘खाली’ यांवर आपला फार भर असतो, कारण जमीनच उताराची आहे. पण खाली म्हणजे कुठे, हे मुख्य रस्त्यावर उभ्या असलेल्या परक्या माणसाला कळत नाही. तिथून दोन रस्ते उतरत असतील तर दोन्ही खालीच जातात. ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ हे बोलणारा कुठे उभा आहे यावर अवलंबून असतात. त्याऐवजी मित्राला एका ठरलेल्या स्थितीत उभे करावे आणि मग हात सांगावा: बस पुढे ज्या दिशेने जाईल त्या दिशेला तोंड करून उभा राहा, डाव्या हाताच्या रस्त्याने चाल. पुढची खूणही दिसण्याच्या क्रमाने द्यावी: आधी काय दिसेल, नंतर काय.

मात्र स्थानिक शब्द सरसकट काढणे चूक आहे. ‘मांगर’ काढावा, कारण तो फक्त ओळखायचा आहे, आणि ‘बागेतली पत्र्याचे छप्पर असलेली शेड’ असे लिहिले की काम भागते. पण ‘तिठा’ ठेवावा लागतो. मित्र कंडक्टरला विचारील तेव्हा कंडक्टर तिठाच ओळखतो. मित्राने ‘तीन रस्ते मिळतात ती जागा’ असे सांगितले तर दोघांचाही गोंधळ होईल. यातून एक सोयीचा नियम निघतो. जो शब्द मित्राला मोठ्याने उच्चारावा लागणार आहे किंवा पाटीवर वाचावा लागणार आहे, तो जसाच्या तसा ठेवून त्याचा अर्थ शेजारी द्यावा, आणि जो शब्द फक्त संदेशात वाचायचा आहे तो बदलावा. ‘लाल डबा’ जाऊन ‘एस.टी.ची बस’ येते, आणि बसच्या पाटीवर ‘मालवण’ असे लिहिलेले असेल हेही सांगितले जाते.

गावाच्या नावाला प्रत्यय लागला की नाव बदलते, हे आपल्या लक्षातही येत नाही. ‘चौक्याला उतर’ वाचून मित्र पाटीवर ‘चौक्या’ शोधील, किंवा शहरातल्या चौकाशी त्याचा संबंध लावील. अशा वेळी ‘चौके येथे उतर’ असे लिहावे, म्हणजे नाव पाटीवर आहे तसेच राहते. कुडाळ आणि मालवण यांना हा त्रास होत नाही, त्यामुळे तिथे ‘कुडाळला’ लिहिले तरी चालते.

‘किल्ला’ हा शब्द मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी पुरेसा आहे. बाहेरच्या माणसाला मात्र किनाऱ्यावर विजयदुर्गापासून अनेक किल्ले आहेत, म्हणून नाव द्यावे लागते. नाव दिले की दुसरी अडचण उभी राहते: कोकण रेल्वेवर ‘सिंधुदुर्ग’ नावाचे स्टेशन आहे, आणि दक्षिणेकडून येताना ते कुडाळच्या पुढचे आहे. किल्ला पाहायचा आहे म्हणून मित्र तिथपर्यंत बसून राहिला, तर ते त्याच्याकडून अगदी स्वाभाविकपणे घडेल. म्हणून किल्ल्याचे नाव येते तिथेच, तो मालवणच्या समोर समुद्रात आहे आणि त्याच नावाचे स्टेशन वेगळे आहे, हे एका वाक्यात लिहून टाकावे.

अटी सुट्या करा

‘नाहीच जमलं माझं तर सरळ…’ यासारखे वाक्य दोन भागांत तोडावे. पहिल्यात अट, दुसऱ्यात कृती, आणि दोन्हींत कर्ता स्पष्ट. नकारावर नकार ठेवू नये. ‘न येण्यासारखे काही झाले नाही तर मी येईनच’ हे वाक्य मराठी माणसालाही दोनदा वाचावे लागते. ‘मिसकॉल मार’ याच्यामागे एक ठरलेला शिरस्ता आहे: एकदा वाजवून ठेवायचे आणि समोरच्याने परत फोन करायचा. तो शिरस्ता शब्दांत मांडावा, किंवा सरळ ‘मला फोन कर’ असे लिहावे. दुसरा पर्याय मला बरा वाटतो.

गोडवा कुठे जातो?

इथवर आले की संदेश तहसील कार्यालयाच्या नोटिशीसारखा वाटू लागतो, आणि ‘भेटवस्तू आणू नकोस’ हे कोरडे वाक्य वाचून मित्राला आपण काही चुकीचे केले की काय असे वाटू शकते. ‘हात हलवत ये’ यात आग्रह आणि आपुलकी होती. अर्थ काढून घेताना तीही निघून गेली. ती परत आणण्यासाठी नवा वाक्प्रचार शोधू नये. कारण लिहावे. ‘आई म्हणाली, तू येतोस यातच तिला आनंद आहे, म्हणून काही विकत आणू नकोस’ या वाक्यात एकही अलंकार नाही, तरी ते प्रेमाचे आहे.

सगळेच वाक्प्रचार काढावेत असेही नाही. निरोप घेताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, हे अनेकांना कोड्यात टाकते. कन्नडभाषक मित्राला मात्र त्यात काहीच नवे नाही, कारण तोही निघताना ‘बर्तीनि’, म्हणजे ‘येतो’ असेच म्हणतो. ‘चहाबिहा’ वाचून ‘बिहा’ शोधायला तो कोश उघडील, पण त्याच्याकडेही ‘ऊट-गीट’ आहे हे एकदा सांगितले की त्याला पुन्हा कधी विचारावे लागणार नाही. समान सवयी ठेवाव्यात. समान दिसणाऱ्या शब्दांबाबत मात्र सावध असावे. संस्कृतातून आलेला शब्द दोन्हीकडे आहे म्हणून तो सुरक्षित, असे समजून काही जण संदेश जड करतात. ‘समुद्र’, ‘दिनांक’ यांच्याबाबत ते खरेही आहे. पण कन्नडमध्ये ‘अवसर’ म्हणजे घाई आणि ‘अनुमान’ म्हणजे शंका. ‘अवसर मिळाल्यास ये’ असे लिहिले, तर घाई असेल तरच यायचे असे तो समजेल.

आणखी एक मोह टाळावा. सोपे करण्याच्या नादात ‘तू शनिवार येणार, मी स्टेशन उभा’ असे तुटके मराठी लिहू नये. मित्र व्याकरणातूनच अर्थ लावत असतो. ‘स्टेशनवर’ मधला ‘वर’ आणि ‘शनिवारी’ मधली वेलांटी हे त्याचे आधार आहेत. शिवाय अशी भाषा कोणालाही अपमानास्पद वाटते.

पुन्हा लिहिलेला संदेश

मूळच्या एका संदेशाचे आता दोन झाले आहेत. पहिला प्रवासात उघडून पाहण्यासाठी, दुसरा घरगुती. प्रवासाच्या मजकुरात पैशांचा आणि आईचा विषय मिसळला, की गाडीत घाईने वाचताना हवे ते वाक्य सापडत नाही.

> शनिवार, 9 मे रोजी तुझी ट्रेन सकाळी 09:45 वाजता कुडाळ स्टेशनवर येईल. ट्रेनला अनेकदा उशीर होतो. उशीर झाला तरी काळजी करू नकोस, मी कुडाळ स्टेशनवरच थांबेन. ट्रेनमधून उतरल्यावर मला फोन कर.
>
> मला स्टेशनवर येता येणार नसेल, तर मी शनिवारी सकाळी 08:00 वाजण्यापूर्वी तुला फोन करीन. तसा फोन आला, तर तू एस.टी.च्या बसने ये. बसच्या पाटीवर ‘मालवण’ असे लिहिलेले असेल. ती पाटी असलेल्या बसच्या कंडक्टरला आधी विचार: ‘बस चौके येथे थांबते का?’ नंतर सांग: ‘मला चौके तिठा येथे उतरायचे आहे.’ तिठा म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा.
>
> बसमधून उतरल्यावर, बस पुढे ज्या दिशेने जाईल त्या दिशेला तोंड करून उभा राहा. डाव्या हाताच्या रस्त्याने 5 मिनिटे चाल. उजव्या बाजूला निळ्या दाराचे घर दिसेल. ते आमचे घर आहे. बागेतली पत्र्याचे छप्पर असलेली शेड दिसली, तर तू आमच्या घराच्या पुढे गेला आहेस. मागे ये.
>
> तू कोणत्या स्टेशनवर उतरणार आहेस आणि किती वाजता, ते मला लिहून पाठव.

आणि दुसरा:

> रविवार, 10 मे रोजी तू आणि मी सिंधुदुर्ग किल्ला पाहायला जाऊ. हा किल्ला मालवणच्या समोर समुद्रात आहे. (सिंधुदुर्ग नावाचे रेल्वे स्टेशन वेगळे आहे. तिथे उतरू नकोस.) किल्ल्यावर होडीने जावे लागते. लाटा मोठ्या असतील तर होडी जात नाही. मी रविवारी सकाळी चौकशी करून तुला सांगेन.
>
> आई म्हणाली, तू येतोस यातच तिला आनंद आहे, म्हणून काही विकत आणू नकोस. आंब्याच्या पेटीचे पैसे आता पाठवू नकोस. इथे आल्यावर मला दे.

मूळच्या तुलनेत हे दुपटीहून मोठे झाले आहे, आणि ते तसेच असायला हवे. वाक्प्रचार थोड्या जागेत पुष्कळ सामावतो. त्यात भरलेले उलगडले की जागा लागतेच. लांबी कमी करायचीच असेल तर वाक्ये जोडू नयेत, माहिती कमी करावी. किल्ल्याचे मित्र आल्यावर सांगितले तरी चालण्यासारखे आहे.

समजले की नाही, हे कसे ओळखावे

‘समजलं ना?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ येते, आणि त्यातून काही कळत नाही. नुसता अंगठ्याचा इमोजी आला तरी तेच. म्हणून पहिल्या संदेशाच्या शेवटी एकच प्रश्न ठेवला आहे, आणि त्याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येत नाही. ‘कुडाळ, शनिवार, 09:45’ असे परत आले तर बिनधास्त राहावे. ‘सिंधुदुर्ग स्टेशन, 10:15’ असे आले तर दोन चुका एकदम सापडल्या. ‘ठीक आहे, तुझी बहीण कुठे भेटेल?’ असे आले तर कुठेतरी एखादी ‘ती’ काढायची राहिली आहे, हे ओळखून मजकूर पुन्हा चाळावा.

चूक सापडली की सगळा संदेश नव्याने लिहून पाठवू नये. मित्राच्या फोनवर मग दोन आवृत्त्या राहतात आणि प्रवासात तो कोणती उघडील याचा नेम नाही. फक्त चुकलेले वाक्य वेगळ्या रचनेत पाठवावे. तेच वाक्य पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही, कारण पहिल्या वेळी जे आडवे आले तेच पुन्हा आडवे येते. उदाहरणार्थ, ‘कुडाळ स्टेशनवर उतर’ याऐवजी ‘सावंतवाडी रोड आणि झाराप या स्टेशनांनंतर कुडाळ येते, तुझी ट्रेन मध्ये थांबली नाही तरी पाट्या दिसतील’ असे लिहिले, तर मित्राला खिडकीतून पाहून स्वतः खात्री करता येते. आवाजी संदेश पाठवण्याचा मोह होतो, पण पत्त्यासाठी तो उपयोगी नाही. स्टेशनच्या गोंगाटात तो ऐकू येत नाही आणि कंडक्टरला दाखवताही येत नाही. घराचे ठिकाण नकाशावर पाठवणे चांगले, मात्र लिहिलेली वाट काढून टाकू नये. वाडीत उतरल्यावर फोनला रेंज मिळेलच याची खात्री नसते, आणि तेव्हा ‘डाव्या हाताचा रस्ता’ एवढेच हाताशी राहते.